भाग तीन, तीन प्रश्न, शुक्रवारपर्यंत

आमच्या शेतकरी कंपनीच्या व्हॉट्सॲप गटावर मी नियमावलीचा मसुदा टाकला आणि खाली लिहिलं, "सर्वांनी वाचून अभिप्राय कळवावा, ही नम्र विनंती." संध्याकाळपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली, एकानं "अतिशय सुंदर मांडणी" असंही लिहिलं. एकानं वाढदिवसाचा केक टाकला. तो बहुतेक दुसऱ्या गटावर जायचा होता, पण त्यालाही दोघांनी अंगठा दिला. सगळ्या कागदाबद्दल खरी म्हणावी अशी सूचना एकच आली, ती म्हणजे अध्यक्षांच्या नावाआधी 'मा.' लिहायचं राहिलंय.

मी हट्टा गावाच्या बाजूची सून. वसमत तालुक्यात हळद म्हणजे सगळं काही, आणि आमची कंपनी सभासदांची हळद एकत्र करून विकते. गोदामाला लागून एक खोली आहे, ते आमचं ऑफिस. तिथलं लिहिणं, मेल, फोन, बैठकांची टिपणं, सगळं माझ्याकडं. खरेदीची नियमावली लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. कोणाची हळद घ्यायची, ओलावा कसा तपासायचा, तक्रार असली तर कुठं करायची, हे एकदा कागदावर यावं असं संचालक मंडळानं ठरवलं होतं. गणपतीनंतर वार्षिक सभा. तिथं नियमावली मंजूर झाली की पुढचा हंगाम तिच्यावर चालणार, मग कोणी कितीही बोंबललं तरी उपयोग नाही.

आणि बोंबलायचं कारण होतं. गेल्या वैशाखात जवळा बाजारकडच्या एका गावातून बचत गटाच्या बायका टेम्पो भरून हळद घेऊन आल्या होत्या. गोदामात ओलावा मोजायचं मशीन लावलं, आकडा जास्त आला, आणि पोती तशीच परत टेम्पोत चढली. ओली हळद घेतली तर सगळ्या ढिगाला बुरशी लागते, त्यामुळं परत पाठवण्यात चूक नव्हती. पण टेम्पोचं भाडं त्या बायकांच्या अंगावर बसलं, आणि दुसऱ्यांदा भाडं भरायची ताकद कोणात नव्हती. जाताजाता त्यांनी रस्त्यातच एका व्यापाऱ्याला हळद दिली, तो म्हणेल त्या भावात. टेम्पोच्या मागं उभी असलेली त्यांची अध्यक्ष मला म्हणाली, "ताई, पुढल्या साली आमी येत न्हाई." ह्याच बायकांनी कंपनी सुरू होताना दारोदार फिरून सभासद गोळा केले होते. त्या निघून गेल्या असत्या, तर कंपनी कोणासाठी चालवायची हे मला तरी कळलं नसतं.

मसुद्यातला भाग तीन ह्या ओलाव्याचाच. त्यात मी जुनीच रीत लिहिली होती, मोजणी गोदामात होईल, कारण मंडळानं तसंच सांगितलं होतं. ते बरोबर आहे का, हे मला त्या बायकांकडून ऐकायचं होतं. आणि आला काय, तर गुलाब.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ऑफिसात आले. गावनात्यानं ते माझे सासरे लागतात, म्हणून ऑफिसातही मला सूनबाईच म्हणतात. खुर्चीवर बसले, मोबाईल पुढं धरला.

"सूनबाई, झालं की. सगळ्याईची संमती आली. टाका छापायला."

"संमती कुठं आली? अंगठे आले."

"अंगठा म्हंजे काय असते मग?"

"पाहिलं, एवढंच असते. वाचलं असं कोण म्हणलं?"

ते हसले. मला हसू येत नव्हतं. मी त्यांच्यासमोरच अंगठा देणाऱ्या एका संचालकाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि विचारलं, भाऊ, भाग तीन कसा वाटला? पलीकडून जरा वेळ ट्रॅक्टरचा आवाज आला. मग ते म्हणाले, "भाग हायत व्हय त्याच्यात? चांगलं केलं, भाग पाडले ते." मी फोन ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "आता लोकाईला कामं असतात, सूनबाई." कामं मलाही होती.

घरी जाताना डोकं तापलेलंच होतं. मग वाटलं, ह्यात माझंही विचारणं कुठं धड होतं? एवढा जाडजूड कागद माणसाच्या अंगावर टाकायचा आणि म्हणायचं, अभिप्राय कळवा. कशावर कळवा? कधीपर्यंत? पाहुण्याला नुसतं "काही घ्या" म्हणलं की तो "नको नको, झालंय" म्हणतो. चहा घेणार का विचारलं तर हो तरी म्हणतो, नाही तरी म्हणतो. माझ्या नम्र विनंतीला लोकांनी नम्रपणे फुलं वाहिली, बस.

दुसऱ्या दिवशी मी गटावर काहीही टाकलं नाही. ज्यांचं मत खरंच लागणार होतं, अशांना एकेकट्याला वेगळा निरोप लिहिला. प्रत्येकाला एकच भाग. त्या भागाची पानं तेवढी छापून सोबत. खाली मोजके प्रश्न, आणि उत्तर कधी हवं ती तारीख. पोळ्याआधीचा शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. पोळा झाला की गणपती, गणपतीत महालक्ष्म्या, मग कोण कोणाच्या हाती लागतं? उत्तर लिहून द्या, फोनवर सांगा, आवाज टाकून पाठवा, काहीही चालेल, हेही लिहिलं. काय सांगू नका, तेही लिहिलं. ऱ्हस्वदीर्घ मी शेवटी बघणार आहे, त्यात वेळ घालवू नका. आणि आलेल्या प्रत्येक सूचनेचं काय केलं, घेतली की नाही, नसेल घेतली तर का, हे तक्त्यात लिहून सभेत सगळ्यांसमोर ठेवलं जाईल.

मंडळात एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्याकडं भाग दोन दिला, सभासद नोंदणीचा. जमीन सासऱ्याच्या नावावर आणि हळद सून पिकवते, अशा वेळी हळद कोणाच्या नावावर घ्यावी, हा त्यांना प्रश्न होता. अध्यक्षांना भाग पाच, तक्रारीचा. तक्रार अध्यक्षांविरुद्धच असली तर ती कोणी ऐकायची? आणि बचत गटाच्या अध्यक्ष मावशीला भाग तीन. तिला तीन प्रश्न. ओलाव्याची मोजणी कुठं व्हावी? मोजताना कोण हजर असावं? एकदा मोजून पास झालेली हळद पुन्हा मोजायची का, आणि कधी?

अध्यक्ष भडकले. हातात कागद घेऊनच आले.

"आमाला प्रश्नपत्रिका काढता का आता? मी काय सातवीला हाय?"

"तुमचं मत पाहिजे, म्हणून विचारलं."

"मत सगळ्यावर असते माणसाचं. मला भाग पाचच काहून?"

"सगळ्यावर द्या की. पण पाचवर द्यायचंच."

"आणि ही तारीख? तारीख देनाऱ्या तुमी कोन?"

"मसुदा ज्यानं लिहिला त्यानं तारीख द्यायची असते. शुक्रवारी पाचनंतर आलेलं ह्या वेळच्या कागदात धरणार नाही. कोणाचंही."

हे शेवटचं 'कोणाचंही' मी जरा जास्तच जोरात म्हणाले. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरला नाही. ते कागद घडी करून खिशात घालून गेले. संध्याकाळी घरी सासूबाईंपर्यंत बातमी पोचली की सून मोठ्या माणसाला उलट बोलून राहिली. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "खोटं बोललीस का?" मी म्हणलं, नाही. "मंग भाकरी थाप."

गुरुजींचं उत्तर आधी आलं. नको म्हणलं तरी त्यांनी लाल पेनानं सगळे ऱ्हस्वदीर्घ सुधारले होते, अनुस्वार तपासले होते. पण शेवटच्या पानावर प्रश्नाचंही सरळ उत्तर होतं. जी राबते तिच्या नावावर घ्या, सासऱ्याची संमती सहीनं घेऊन ठेवा. अध्यक्षांचंही आलं, गुरुवारी, माणसाच्या हाती. "माझ्याविरुद्ध तक्रार आली तर गुरुजींनी ऐकावी," असं लिहून खाली सही. रागानं लिहिलं होतं, अक्षरावरून कळत होतं. तरी लिहिलं तर खरं. गुलाबापेक्षा मला तो राग किती तरी आवडला.

मावशीचं मात्र काहीच येईना.

गुरुवारी दुपारी मी फोन केला. ती शेतात हळद निंदत होती, मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. म्हणाली, "कागद पोचला, ताई. पोरीकडून वाचून घेतला. पर उत्तर बैठकीत ठरंल."

"बैठक कधी आहे?"

"पोळा झाल्यावरच्या सोमवारी. दर महिन्याला तवाच असते."

बचत गटाची रीत मला माहीत होती, नवीन थोडीच होते मी? त्या गटात एक रुपयाचा निर्णयही कोणी एकटी घेत नाही. अध्यक्ष असली तरी ती स्वतःचं मत देत नाही, बैठकीत जे ठरेल तेच तिचं मत. अंगठे देणाऱ्या पुरुषांपेक्षा ह्या बायकांची रीत शंभर पटीनं खरी. आणि मी तारीख काढताना पोळा पाहिला, गणपती पाहिला, महालक्ष्म्या पाहिल्या, गटाची बैठक तेवढी विचारली नाही.

"मावशी, तुझं तू सांग ना. नंतर बैठकीत सांगता येईल."

"असं कसं? मंग मी आन् तो अंगठेवाला एकच झालो की."

अंगठ्यांची गोष्ट मीच तिला रंगवून सांगितली होती.

फोन ठेवला तर अध्यक्ष ऑफिसच्या दारात. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं. रागावलेले दिसले नाहीत, उलट खूश होते. "सूनबाई, भाग तीनचं काही आलं न्हाई ना अजून? उद्या पाच वाजता बघू. तारीख म्हंजे तारीख. कोनाचंही, असं तुमीच म्हणला." आणि मशीन ठेवलेल्या कपाटाकडं बघत म्हणाले, "जुनं हाय तेच बराबर हाय."

तारीख पुढं ढकलणं सोपं होतं. सोमवारपर्यंत मुदत वाढवली, एवढं लिहिलं असतं की झालं. पण मग सगळ्यांनाच वाढवावी लागली असती, आणि पुढच्या वेळी माझी तारीख कोणी मनावर घेतली असती? बायकांसाठी तेवढी वाढवली असती तर सभेत पहिला माणूस उठून म्हणाला असता, बायकांना सूट दिली म्हणून त्यांचं घेतलं. मला त्यांचं उत्तर सवलतीत नको होतं. त्यांच्या हक्कानं हवं होतं.

मी परत फोन लावला. "मावशी, तारीख बदलत नाही. बैठक बदल."

"बैठक मी एकली कशी बदलू? सगळ्याईनं हो म्हणाया पाहिजे."

"सगळ्या आत्ता तुझ्याजवळच आहेत ना? निंदताहेत ना? विचार की."

फोन तसाच चालू राहिला. पलीकडं ती ओरडून सांगत होती, बायका उलट काहीतरी विचारत होत्या, एक जण म्हणत होती की आज तिच्याकडं पाहुणे आहेत. दोघी त्या रानात नव्हत्या, त्यांच्याकडं निरोप पाठवायचं ठरलं. मग मावशी फोनवर आली. "संध्याकाळी मारुतीच्या पारावर. पर तू ये. ते तीन प्रश्न तूच वाच, मला मधी घालू नको."

गेले. घरी सांगून गेले, नवऱ्यानं गाडीवर सोडलं आणि तो पानटपरीवर थांबला. पारावर सगळ्या आल्या होत्या, पाहुणे असलेलीसुद्धा. हातापायाला रानातला चिखल तसाच. मी पहिला प्रश्न वाचला, आणि मला वाटलं होतं की ओलाव्याचा आकडा कमी करा म्हणून मागं लागतील. एकीनंही तो विषय काढला नाही. एक म्हातारी म्हणाली, "वली हळद घिऊ नका, आमी कवा म्हणलं घ्या? पर वली हाय हे आमाला टेम्पो भराच्या आधी सांगा." बास. मशीन आमच्या खळ्यावर आणा, हे पहिलं उत्तर झालं.

दुसऱ्यावर वाद झाला. कोण हजर असावं? कोणी म्हणे कंपनीचे अध्यक्ष, कोणी म्हणे ग्रामपंचायतीचा माणूस. शेवटी ठरलं की गटातली एक, पण जिची हळद त्या दिवशी मोजायची आहे ती नाही. तिसऱ्याला वेळ लागला. पुन्हा मोजायची का? खळ्यावर पास झालेली हळद गोदामात नापास केली तर काय, ही भीती सगळ्यांच्या मनात होती. दोघीचौघींनी मिळून उत्तर काढलं. मोजलं की पोतं तिथंच शिवायचं, आकडा चिठ्ठीवर लिहून पोत्याला बांधायचा, दोन्हीकडच्या सह्या. शिवण उसवलेली किंवा पोतं भिजलेलं दिसलं तरच पुन्हा मोजायचं. मी त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सगळ्यांनी सह्या केल्या. शुक्रवारी सकाळी मावशी स्वतः एसटीनं ऑफिसात कागद घेऊन आली आणि माझ्या हातात न देता माझ्या टेबलावर, अध्यक्षांच्या समोर ठेवला. किती वाजले ते भिंतीवरच्या घड्याळात बघून तिनं मला वर लिहायला लावलं.

मंडळाची बैठक पोळ्यानंतर झाली. मी तक्ता केला होता: कोणाची सूचना, कोणत्या भागावर, घेतली की नाही, आणि का. गुरुजींची घेतली. अध्यक्षांची घेतली, तेव्हा ते जरा सैल झाले. मग भाग तीन.

"हे नको," अध्यक्ष म्हणाले. "लिहा, घेतली न्हाई."

"कारण?"

"कारण कशाला? मंडळाचा अधिकार हाय."

"अधिकार आहे. पण कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. सगळ्यांना तसं लिहून कळवलंय, तुम्हालाही."

"लिहा मंग, तकलीफ हाय."

मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "कारण: तकलीफ आहे. कोणाला ते लिहू? मशीन उचलून न्यायची तकलीफ अध्यक्षांना, का टेम्पो भरून परत न्यायची तकलीफ बायकांना? सभेत विचारतील."

संताप झाला होता माझा. घरची सून म्हणून घरात कधी बोलता येत नाही ते मी इथं बोलत होते, आणि थांबायची माझी तयारी नव्हती.

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग पहिल्यांदा ते धड बोलले. "माझं म्हणनं ऐका. मशीन एकच हाय. खळ्यावर पास झालं आन् वाटेत पाऊस आला तर? गोदामातला ढीग खराब झाला तर नुकसान सगळ्याईचं."

हा खरा आक्षेप होता, आणि तो आधीच आला असता तर एवढं रामायण झालंच नसतं. मी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचलं, शिवण आणि चिठ्ठी. गुरुजींनी दोनदा वाचायला लावलं. ट्रॅक्टरवाले संचालक, तेच अंगठेवाले, म्हणाले की मशीन ते त्यांच्या गाडीवर नेतील, नाहीतरी ते त्या बाजूला जातातच. अध्यक्ष बराच वेळ पोत्याच्या चिठ्ठीत काय काय लिहायचं ते विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "लिहा, घेतली." तकलीफ मी त्यांच्यासमोर खोडली. सभेत नियमावली मंजूर झाली, आणि अंगठा वर करायच्या आधी दोनतीन माणसांनी प्रश्न विचारले.

पुढच्या उन्हाळ्यात मशीन पहिल्यांदा त्या गावात गेलं. मीही गेले. खळ्यावर हळद पसरलेली, बायका गोल करून उभ्या. पहिलाच ढीग मावशीचा होता. नियमाप्रमाणं ती बाजूला उभी राहिली, दुसरीनं हळकुंडं काढून दिली. आकडा जास्त आला. नापास.

एवढं भांडून शेवटी हिचीच? मला तिच्याकडं बघवेना. टेम्पो अजून आलाही नव्हता, सांगितलाच नव्हता कोणी. मावशीनं आकडा स्वतः डोळ्यांनी पाहिला, पदर खोचला, आणि ढीग परत उन्हात पसरायला लागली. चौघी तिच्या मदतीला वाकल्या.

मी जवळ जाऊन म्हणलं, मावशी, वाईट वाटतंय मला.

"काहून?" ती म्हणाली, हात न थांबवता. "या वक्ती परत कोनी पाठवली न्हाई, ताई. आमीच ठिवून घेतली."